जाहिरात समोर ठेवून लिहिलेला पहिला रेझ्युमे

ही गोष्ट बार्शीची. वडील एका कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहितात. मुलगी नुकतीच बी.कॉम. झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीला ‘अकाउंट्स असिस्टंट’ हवा असल्याचं तिच्या वाचनात आलं. रेझ्युमे तयारच होता, मैत्रिणीच्या फाइलमध्ये नाव बदलून केलेला.

वडिलांनी आधी जाहिरात छापून आणायला सांगितली. ‘मेहनती’, ‘उत्साही’ असले शब्द सोडून, जिथे प्रत्यक्ष काम सांगितलं होतं तिथेच त्यांनी पेनाने रेघ मारली. चार कामं निघाली: टॅली प्राइममध्ये नोंदी, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवणं, बँक रिकन्सिलिएशन आणि टीडीएस.

“यातलं काय केलंयस तू?”

“काहीच नाही, बाबा. मी नोकरी कुठे केलीय?”

“मग खरिपात दुकानात बसून काय करत होतीस?”

खतांची आणि औषधांची बिलं ती टॅलीत चढवत होती. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर पोर्टलवरून २बी उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये बिल नंबर आणि कराची रक्कम ताडून पाहायची आणि न सापडलेल्या बिलांसाठी पुरवठादाराला फोन करायची. पुरवठादाराने बिल दाखवलं नाही तर त्या कराचं क्रेडिट दुकानाला घेता येत नाही, हे तिला पाठ होतं. पण घरच्या माणसाला केलेली मदत म्हणून तिने ते लिहिलंच नव्हतं.

‘टॅली व जीएसटीचे ज्ञान’ ही ओळ गेली. तिच्या जागी आलं: ‘कृषी सेवा केंद्र, जून ते सप्टेंबर: महिन्याला सुमारे ६० खरेदी बिलांची टॅली प्राइममध्ये नोंद, जीएसटीआर-२बीशी जुळवणी, न जुळलेल्या बिलांची पुरवठादारनिहाय यादी.’ बँकेच्या स्टेटमेंटवरून न वटलेले चेक ती शोधायची, त्याला जाहिरातीतलाच ‘बँक रिकन्सिलिएशन’ हा शब्द दिला. अनेक कंपन्या आलेले अर्ज अशाच शब्दांवरून चाळतात.

“जीएसटी रिटर्न भरले, असंही लिहू?” तिने विचारलं.

“रिटर्न सीए भरतात. मुलाखतीत कुणी त्यातली एक पायरी विचारली, तर काय सांगशील?”

ते राहिलं. टीडीएस फक्त अभ्यासलं होतं, म्हणून ते शिक्षणाखाली गेलं. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र काढल्यावर सगळं एका पानात बसलं आणि दुकानातलं काम सर्वांत वर आलं.

अर्ज पाठवल्यावर जाहिरातीची प्रत त्यांनी रेझ्युमेसोबतच ठेवली. मुदत संपली की जाहिरात अनेकदा काढून टाकतात, आणि मुलाखतीतले प्रश्न बहुधा रेघ मारलेल्या त्याच ओळींवरून येतात. पुढच्या जाहिरातीत पगारपत्रकाचं काम मागितलं असेल, तर हाच कागद न पाठवता पुन्हा रेघा मारण्यापासून सुरुवात करायची, असं दोघांनी ठरवलं.