नफा वहीत, पैसा उधारीत : व्यापाऱ्याने मोजावयाचे तीन प्रकारचे दिवस

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर हे मंडल-गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेले आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा. येथील बियाणे-खतांच्या दुकानाचा पैसा पिकाच्या गतीने फिरतो. जूनमध्ये पेरणीसाठी माल उधारीवर जातो, ऑक्टोबरपासून वेचणी सुरू होते आणि कापूस विकला गेल्यावर वसुली होते. मधल्या काळात दुकानाच्या वहीत नफा दिसतो, पण गल्ल्यात पैसा नसतो. तो नेमका कोठे अडकला आहे, हे तीन आकडे सांगतात.

विकलेल्या मालाचे पैसे सरासरी किती दिवसांनी हाती येतात, ते येणे-दिवस. माल गोदामात सरासरी किती दिवस पडून राहतो, ते साठा-दिवस. पुरवठादाराला सरासरी किती दिवसांनी पैसे दिले जातात, ते देणे-दिवस. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा आकडा वजा केला की उरतात ते दिवस दुकानदाराला स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशावर काढावे लागतात.

उदाहरणादाखल एक दुकान घेऊ. कर वगळून त्याची वार्षिक विक्री ७३ लाख रुपये, म्हणजे दिवसाला २० हजार. त्या मालाची खरेदी किंमत ६५ लाख ७० हजार, म्हणजे दिवसाला १८ हजार. सरासरी उधारी १८ लाख असेल, तर तिला २० हजारांनी भागून येणे-दिवस ९० निघतात. साठा १० लाख ८० हजारांचा आणि पुरवठादारांचे देणे ५ लाख ४० हजारांचे असेल, तर खरेदीच्या १८ हजारांनी भागून साठा-दिवस ६० आणि देणे-दिवस ३० येतात. चक्र १२० दिवसांचे झाले आणि त्यात २३ लाख ४० हजार रुपये गुंतले. त्यावर १२ टक्के व्याज धरले, तर वर्षाला सुमारे २ लाख ८१ हजार रुपये जातात. एकूण ढोबळ नफाच ७ लाख ३० हजारांचा आहे.

येथे एक फसगत संभवते. ३१ मार्चच्या ताळेबंदावरून हे दिवस काढले, तर तोवर बरीच वसुली झालेली असते आणि आकडा फसवा, लहान दिसतो. सप्टेंबरअखेरीस तोच आकडा फुगलेला असतो. म्हणून हंगामी व्यापारात बारा महिनाअखेरच्या शिल्लकींची सरासरी घ्यावी.

कापूस घरात येण्याआधी शेतकऱ्याकडे तगादा लावून उपयोग नसतो. त्याच्याकडे पैसाच नसतो. खरी गळती त्यानंतर होते. कापूस विकला गेला, रक्कम खात्यात आली, तरी दुकानाची बाकी मार्चपर्यंत रेंगाळते. म्हणून उधारीची यादी खातेदाराने कापूस केव्हा विकला, त्या तारखेनुसार लावावी आणि विक्रीच्या आठवड्यातच मागणी करावी. मार्चअखेर येणारे ९ लाख रुपये नोव्हेंबरअखेर आले, तर ते चार महिने आधी मोकळे होतात. वर्षाच्या सरासरीत ही ३ लाखांची, म्हणजे १५ दिवसांची घट आहे.

साठ्याचे सरासरी ६० दिवसही बरेच काही झाकतात. युरिया आठवड्यात संपतो, तर एखादे कीटकनाशक दोन हंगाम फळीवर राहते. प्रत्येक मालाचे दिवस वेगळे काढावेत, म्हणजे मुदत संपत आलेला माल वेळीच दिसतो. तो कंपनी परत घेत असेल, तर ती तारीख चुकवू नये. अशा रीतीने साठा १० दिवसांनी उतरला, तरी १ लाख ८० हजार सुटतात.

तिसरा आकडा वाढविण्याचा मोह सर्वांत मोठा, आणि तोच सर्वांत महाग पडू शकतो. समजा, पुरवठादार १० दिवसांत रोख दिल्यास २ टक्के सूट देतो, एरवी मुदत ३० दिवसांची. ती सूट सोडणे म्हणजे ९८ रुपये २० दिवस वापरण्यासाठी २ रुपये मोजणे. वार्षिक दर सुमारे ३७ टक्के होतो. बँकेचे कर्ज यापेक्षा पुष्कळ स्वस्त. शिवाय सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. देणे १८० दिवसांपलीकडे गेले, तर त्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावटही व्याजासह परत करावी लागते.

म्हणून क्रम असा ठरतो : आधी वसुली, मग साठा, आणि त्यांतून सुटलेल्या ४ लाख ८० हजारांतून प्रथम रोखीची सूट मिळवावी. देणे-दिवस त्यामुळे कमी होतील आणि चक्र तेवढे लांबेल. पण वर्षाला ३७ टक्के दराने जाणारा पैसा दुकानातच राहील.