फी दोनदा गेली : सॉफ्टवेअर कंपनीला लिहायचं पत्र

महिन्याच्या सुरुवातीला पालकांचे फोन येऊ लागतात. ‘मॅडम, फी दोनदा गेली आमची.’ पहिला फोन येतो तेव्हा वाटतं, त्यांची काही गडबड झाली असेल. पाचव्या फोननंतर लक्षात येतं की दोन दिवसांपूर्वी फीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. मग घाईघाईत कंपनीला ईमेल जातो : ‘तुमच्या अपडेटमुळे आमच्या ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले आहेत, कृपया त्वरित परत करा.’ उत्तर येतं : ‘तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत, आमची टीम पाहते आहे.’ त्यापुढे आठवडाभर काहीच हलत नाही. दोष कंपनीचा असतोच, पण या ईमेलमध्ये तिला उत्तर द्यावंच लागेल असं काही नसतं. कारण विचारलेलं नसतं आणि परताव्याची मागणीही अशा पक्षाकडे केलेली असते, ज्याच्याकडे बहुतेक वेळा ते पैसे नसतातच.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमध्ये २४० विद्यार्थ्यांचा नृत्यवर्ग आहे आणि महिन्याची फी १,५०० रुपये आहे. १ तारखेला सॉफ्टवेअर प्रत्येक पालकाला मोबाइलवर पैसे भरण्याची लिंक पाठवतं, पालक यूपीआयने पैसे भरतात आणि पावती आपोआप तयार होते. ज्यांची पावती झाली नाही त्यांना ३ तारखेला सकाळी १० वाजता आठवण म्हणून नवी लिंक जाते. आदल्या महिन्याच्या अखेरच्या रात्री या सॉफ्टवेअरचं अपडेट झालं.

यूपीआयमध्ये पालकाने मंजुरी दिल्याशिवाय अशी फी भरली जात नाही. म्हणजे दुसऱ्यांदा पैसे गेले तेव्हाही पालकाने स्वतः मंजुरी दिलेली असते. कंपनीचं पहिलं उत्तर नेमकं यावर उभं राहतं : ‘ग्राहकांनी स्वतःच दोनदा पैसे भरले.’ हे अर्धंच खरं आहे. पालकाने दुसऱ्यांदा पैसे भरले, कारण सॉफ्टवेअरने त्याला फी बाकी असल्याचं सांगितलं.

सॉफ्टवेअरने तसं का सांगितलं, हे समजण्यासाठी पैशांचा रस्ता पाहू. पालकाचे पैसे बँकेतून पेमेंट गेटवेकडे येतात. गेटवे ही सॉफ्टवेअर कंपनीहून वेगळी संस्था असते. पैसे मिळाले की गेटवे सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या पत्त्यावर एक निरोप धाडतो : अमुक ऑर्डरचे पैसे जमा झाले. या निरोपाला वेबहुक म्हणतात. निरोप खरोखर गेटवेकडूनच आला आहे ना, हे सॉफ्टवेअर एका गुप्त किल्लीने तपासतं आणि मग पावती करतं. अपडेटमध्ये तो पत्ता बदलला किंवा नव्या आवृत्तीत जुनी किल्ली राहिली नाही, तर निरोप दारातूनच परत जातो. पैसे आलेले असतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी फी बाकीच राहते. ३ तारखेला ते शहाण्यासारखं आठवण पाठवतं आणि पालक पुन्हा पैसे भरतात.

इथे आणखी एक चूक दडलेली असते आणि माझ्या मते तीच जास्त गंभीर आहे. गेटवेकडे प्रत्येक मागणीला एक ऑर्डर क्रमांक असतो. एकदा पैसे मिळालेल्या ऑर्डरवर पुन्हा पैसे घ्यायचे नाहीत, ही सोय गेटवेकडे असते. आठवणीची लिंक जुन्याच ऑर्डरवर गेली असती, तर दुसऱ्यांदा पैसे भरताच आले नसते. सॉफ्टवेअरने नवी ऑर्डर काढली म्हणून हा अडसर निरुपयोगी ठरला. शिवाय नवी लिंक पाठवण्याआधी ‘जुन्या ऑर्डरचं काय झालं?’ असं गेटवेला विचारता येतं. तेवढं केलं असतं, तर निरोप हरवूनही एकाही पालकाचे पैसे दोनदा गेले नसते. निरोप हरवणं कधीतरी होणारच, इंटरनेट आहे. त्यावर विसंबून पुन्हा पैसे मागणं हा रचनेतला दोष आहे.

पत्र लिहिण्याआधी हे सगळं आपल्याला स्वतः तपासता येतं. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवरून १ ते ५ तारखेपर्यंतच्या व्यवहारांची यादी एक्सेलमध्ये उतरवावी, मोबाइल क्रमांकानुसार लावावी आणि एका क्रमांकावर दोन यशस्वी व्यवहार दिसले की खूण करावी. आपल्या उदाहरणात असे ३५ क्रमांक निघाले. त्यातल्या ४ घरांतली दोन-दोन मुलं वर्गाला येतात, म्हणजे त्यांचे दोन्ही व्यवहार बरोबरच आहेत. ही नावं वगळली नाहीत, तर कंपनी पहिल्याच उत्तरात त्यांच्याकडे बोट दाखवेल आणि पूर्ण यादीवरचा विश्वास जाईल. उरले ३१ पालक आणि ४६,५०० रुपये.

आता या ३१ जोड्यांतल्या वेळा पाहायच्या. २७ जणांचा दुसरा व्यवहार ३ तारखेला सकाळी १० नंतर, त्याच दिवशी झालेला आहे. उरलेल्या ४ जणांनी पैसे भरल्यावर काही मिनिटांतच पुन्हा भरले, कारण स्क्रीनवर ‘फी बाकी’ असंच दिसत राहिलं. सगळ्या जोड्यांत ऑर्डर क्रमांक वेगळे आहेत आणि पहिल्या व्यवहाराची पावती सॉफ्टवेअरमध्ये नाही. पालकांची चूक असती, तर दुसऱ्या व्यवहारांच्या वेळा इकडेतिकडे विखुरलेल्या असत्या. आठवणीच्या वेळेनंतरच त्यांची गर्दी होणं हा पुरावा आहे. काही गेटवेंच्या डॅशबोर्डवर कोणता निरोप पोहोचला नाही याची नोंदही दिसते. तिथे 401 किंवा 404 असा आकडा असेल, तर त्या पानाचा फोटो पत्रासोबत जोडावा. 401 म्हणजे ओळख पटली नाही आणि 404 म्हणजे तो पत्ताच सापडला नाही.

एवढं हाताशी आलं की पत्र आपोआप छोटं होतं :

‘सप्रेम नमस्कार. आपल्या सॉफ्टवेअरचं अपडेट ३१ तारखेच्या रात्री झालं. त्यानंतर १ ते ३ तारखेदरम्यान आमच्या ३१ पालकांकडून फी दोनदा घेतली गेली. एकूण जादा रक्कम ४६,५०० रुपये आहे. प्रत्येक पालकाचे दोन्ही ऑर्डर क्रमांक, दोन्ही व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम सोबतच्या तक्त्यात आहे. पहिला व्यवहार गेटवेकडे यशस्वी असूनही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची पावती झाली नाही आणि फी बाकी धरून नवी लिंक पाठवली गेली.

कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. अपडेटमध्ये पैसे जमा झाल्याचा निरोप घेण्याच्या भागात काय बदललं? आठवणीची लिंक नव्या ऑर्डरवर का गेली आणि त्याआधी जुन्या ऑर्डरची स्थिती गेटवेकडे तपासली गेली होती का? आमच्या तक्त्याखेरीज आणखी कोणाचे पैसे दोनदा गेले आहेत का आणि ते आपण कसं तपासलं? १ ते ५ तारखेच्या सर्व्हरवरील नोंदी या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुसू नयेत. दोष दुरुस्त झाल्याचं आपण कळवेपर्यंत आठवणीच्या लिंका बंद ठेवाव्यात.’

नोंदी जपण्याची ओळ गाळू नये. अशा नोंदी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि त्यानंतर कारण विचारण्यात अर्थ उरत नाही.

परताव्याच्या मुदतीबाबत बहुतेक पत्रं ढिली पडतात. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं की कोणावरच जबाबदारी येत नाही. परताव्याचे टप्पे वेगळे करावेत. पहिला टप्पा यादी पक्की करण्याचा, तो कंपनीने करायचा आणि त्याला दोन दिवस पुरतात. दुसरा टप्पा गेटवेवर परताव्याची सूचना देण्याचा. ही सूचना वर्गाच्या खात्यातून जाते, कारण पैसे वर्गाच्या नावे जमा झालेले असतात. ते आधीच बँकेत वळते झाले असतील, तर गेटवेच्या खात्यात तेवढी शिल्लक आपल्याला ठेवावी लागते. तिसरा टप्पा पालकाच्या खात्यात पैसे पोहोचण्याचा. तो गेटवे आणि बँकांच्या हातात असतो आणि त्याला साधारण ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागतात. पत्रात कंपनीकडून पहिल्या टप्प्याची तारीख मागावी. दुसरा टप्पा कोण करणार, आपण की कंपनी, हेही लिहून घ्यावं. दोघांनीही सूचना दिली, तर पालकांना दोनदा परतावा जातो आणि मग तो परत मागत फिरावं लागतं. गेटवेने कापलेलं शुल्क परताव्याच्या वेळी बहुधा परत मिळत नाही. ते कंपनीने भरून द्यावं, अशी मागणी याच पत्रात करावी.

अनेकांना वाटतं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने हे पैसे आपोआप परत येतील. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे खात्रीचा निरोप पोहोचला नाही, तर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपल्या ३१ पालकांचे दोन्ही व्यवहार बँकेच्या आणि गेटवेच्या लेखी यशस्वी आहेत, निरोप हरवला तो त्यापुढे, सॉफ्टवेअरच्या दारात. म्हणून कोणीतरी परताव्याची सूचना दिल्याशिवाय हे पैसे हलणार नाहीत. ‘पाच दिवस थांबा, आपोआप येतील’ असं कंपनीने सांगितलं, तर थांबू नये.

‘जादा रक्कम पुढच्या महिन्यात वळती करू’ असाही प्रस्ताव येतो. सोयीचा वाटला, तरी तो पालकाला विचारल्याशिवाय मान्य करू नये. ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जावेत, ग्राहकाने वेगळी संमती दिली तरच दुसरा मार्ग घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने पेमेंट गोळा करणाऱ्या संस्थांना मार्च २०२० मध्येच सांगितलं आहे. एखाद्या घरात ते १,५०० रुपये महिनाअखेरीच्या किराण्याचे असतात.

पालकांनाही त्याच दिवशी लेखी कळवावं : रक्कम किती, परतावा कधी सुरू होईल आणि बँकेत तक्रार टाकली असेल तर आम्हाला सांगा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पालकाने बँकेमार्फत वाद उपस्थित केला आणि आपणही परतावा दिला, तर वर्गाच्या खात्यातून एकाच रकमेसाठी दोनदा पैसे जाऊ शकतात. परतावा निघाला की गेटवेवर त्याचा संदर्भ क्रमांक दिसतो. यूपीआयचा हा आरआरएन १२ आकडी असतो. तो पालकाला पाठवला की ‘पैसे आले नाहीत’ म्हणणाऱ्याला बँकेत शोध घेता येतो.

कंपनीने ‘दुरुस्त झालं’ असं कळवलं, तरी पुढच्या १ तारखेला २४० लिंका लगेच सोडू नका. आधी स्वतःच्या नावाने एक रुपयाची लिंक काढा, पैसे भरा आणि पावती आली का पाहा. मग त्याच नावाने आठवण पाठवून बघा. आठवण गेली, तर दोष अजून तिथेच आहे.