मागच्या खोलीतला टीव्ही का अडखळतो? दोष टीव्हीत नव्हता, वायरीच्या वाटणीत होता



१ जूनला बंदी लागली की होड्या काठाला येतात आणि संस्थेच्या इमारतीतल्या खोल्या भरतात. कोणी जाळी दुरुस्त करतो, कोणी पत्ते खेळतो, टीव्ही दिवसभर चालू. गेल्या बंदीत आमच्याकडे रोज एकच तक्रार यायची. खलाशांच्या मागच्या खोलीत चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि जोराचा पाऊस लागला की चित्रच जातं. पुढे ऑफिसात मात्र सगळं स्वच्छ. म्हणून आम्ही त्यांनाच सांगत राहिलो, "तुमचा टीव्ही जुना झालाय." नवा टीव्ही घ्यायचा विषय बैठकीत आलासुद्धा.

शेवटी एका खलाशाने स्वतःचा टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स उचलून ऑफिसात आणला आणि तिथल्या वायरीला जोडला. चित्र एकदम चकाचक. तो म्हणाला, "दादा, टीव्हीला काय झालं नाय. वायर बघा." तो बरोबर होता, आणि आम्ही त्याला उगाच दोष दिला होता. ही तपासणी कोणालाही करता येते. दोष बॉक्समध्ये की वायरीत, हे पाच मिनिटांत कळतं. आणि बाहेरून येणाऱ्या मूळ वायरीवरच चित्र तुटत असेल, तर ते काम केबलवाल्याचं, आपलं नव्हे.

आता वाटणीचं बघू. केबलमधला सिग्नल म्हणजे रापणीच्या मासळीसारखा. वाटेकरी वाढले की मासळी वाढत नाही, वाटा लहान होतो. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलचे दोन अर्धे वाटे करतो. मोजायचं माप डेसिबल, आपण त्याला डीबी म्हणू. अर्धा वाटा म्हणजे ३ डीबी कमी. स्प्लिटर स्वतःही थोडं खातो, म्हणून हिशेबाला ४ धरायचे. चार तोंडांचा स्प्लिटर साधारण ८ खातो, आठ तोंडांचा १२ च्या आसपास. चांगली आरजी-६ वायरसुद्धा वरच्या चॅनलना १०० मीटरला सुमारे २० डीबी खाते, म्हणजे दर ५ मीटरला १. वरच्या फ्रिक्वेन्सीला वायर जास्त खाते, म्हणून सिग्नल कमी पडला की काही चॅनल आधी तुटतात आणि काही चालू राहतात.

केबलवाला मीटर घेऊन आला. इमारतीत शिरणाऱ्या वायरीवर ६८ डीबी होते, चांगला आकडा. बॉक्सला साधारण ५० ते ६५ मिळाले की तो निवांत चालतो. ४५ च्या खाली चित्र कधी चालतं, कधी तुटतं.

आमची जोडणी माळेसारखी होती. ज्या वर्षी ज्या खोलीला टीव्ही आला, त्या वर्षी तिथे एक स्प्लिटर अडकवला आणि वायर पुढे ओढली. ऑफिसच्या स्प्लिटरने ४ खाल्ले, उरले ६४. पुढे १५ मीटर वायर, उरले ६१. हॉलचा स्प्लिटर, ५७. परत १५ मीटर वायर, ५४. जाळ्यांच्या खोलीचा स्प्लिटर, ५०. तिथून २० मीटर मागच्या खोलीपर्यंत, उरले ४६. ऑफिसला ६४ आणि खलाशांना ४६! तीन जणांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर उरलेलं त्यांच्या ताटात.

पण मीटर तिथे ४६ नाही, ३८ दाखवत होता. उरलेले ८ कुठे गेले? मागच्या भिंतीबाहेर वायरीचा एक जोड होता. तारा हाताने पिळून वर साधी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, जाळी काळी झालेली. खाऱ्या हवेत आणि पावसात असा जोड टिकत नाही. पाऊस लागला की चित्र का जायचं, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

मग आम्ही माळ काढून टाकली. वायर जिथे इमारतीत शिरते तिथेच, आतल्या बाजूला, चार तोंडांचा एकच स्प्लिटर बसवला आणि तिथून प्रत्येक खोलीला सलग, बिनजोडाची वायर दिली. ६८ मधून स्प्लिटरचे ८ गेले, उरले ६०. मागची खोली सरळ रेषेत ३० मीटरवर, म्हणजे अजून ६ वजा. मिळाले ५४. मीटरने ५३ दाखवले. बूस्टर नाही, नवा टीव्ही नाही. खर्च एक स्प्लिटर, वायर आणि एफ-कनेक्टर एवढाच.

कनेक्टर लावताना मधली तांब्याची तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला टेकू देऊ नका. स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं राहिलं तर त्यावर ७५ ओहमची टोपी बसवा, म्हणजे सिग्नल तिथून परत फिरून बाकीच्यांना त्रास देत नाही. ही टोपी, म्हणजे टर्मिनेटर, स्प्लिटर मिळतो तिथेच मिळते.

बैठकीत एकाने सुचवलं होतं, मागच्या खोलीतच बूस्टर लावू. तो लावला असता तर ३८ चे ५८ झाले असते आणि बॉक्सवरची सिग्नल स्ट्रेंग्थची पट्टी भरली असती. पण वाटेत शिरलेली खरखरही तेवढीच मोठी झाली असती. चित्र सिग्नल क्वालिटीवर चालतं, आणि गेलेली क्वालिटी बूस्टर परत आणत नाही. गढूळ पाणी मोठ्या पंपाने उपसलं तरी गढूळच येणार.

बूस्टर लागतो, पण स्प्लिटरच्या आधी, सिग्नल स्वच्छ असतो तिथे. यंदा वरच्या मजल्यावर चार खोल्या वाढल्या. आता आठ तोंडांचा स्प्लिटर, १२ वजा, आणि लांबची खोली ३५ मीटरवर, ७ वजा. ६८ चे उरतात ४९, म्हणजे काठावर. म्हणून स्प्लिटरच्या आधी १० डीबीचा अॅम्प्लिफायर लावला. लांबच्या खोलीला ५९ मिळाले आणि अगदी जवळच्या ऑफिसला ६५. त्याचं बटण पूर्ण फिरवायचा मोह नको. सिग्नल फार जास्त झाला तरी चित्र तुटतं, आणि तेव्हा आधी जवळची खोली तुटते. लांबची तुटली तर कमी पडतंय, जवळची तुटली तर जास्त होतंय, असं ओळखा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वायर वाटली म्हणजे कनेक्शन वाटलं असं नाही. प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो, त्याबद्दल केबलवाल्याशी बोलून घ्या. आणि छतावरच्या डिशला हा स्प्लिटर चालत नाही. तिथे बॉक्सकडून वायरीतूनच वर वीज जाते आणि फ्रिक्वेन्सीही वेगळी असते. दोन-चार खोल्यांसाठी डिशवरच दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर आणावी लागते.

या बंदीत मागच्या खोलीतून एकही तक्रार आलेली नाही. टीव्ही तोच, जुना.