आमची द्राक्षं, बाब-अल-मंदेब आणि माझं चुकलेलं गृहीतक

जानेवारी २०२४ मध्ये मामाचा फोन आला. बार्शीजवळ त्याची चार एकर द्राक्षबाग आहे आणि माल एका व्यापाऱ्यामार्फत युरोपला जातो. "अरे, तू भूगोलात पीएचडी करतोयस ना? मग सांग, तांबड्या समुद्रात भांडण आणि माझ्या द्राक्षाचा भाव का उतरला?" मी "नंतर सांगतो" म्हणालो, कारण मला नीट सांगता येत नव्हतं. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर. ते शोधताना मी एक चूक केली, तीही सांगतो. आकडेवारी घेऊन संशोधनाला बसणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडून ती होऊ शकते.

आधी नकाशा. न्हावा शेवाहून निघालेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखातात येतं. तिथून तांबड्या समुद्रात शिरायचं तर बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबूती आणि इरिट्रिया, आणि मध्ये जेमतेम ३० किलोमीटर पाणी. तांबड्या समुद्राच्या वरच्या टोकाला सुएझ कालवा, आणि त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्र. थोडक्यात, ही दोन दारं असलेली एकच बोळ आहे. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' कालव्यात आडवं अडकलं तेव्हा वरचं दार सहा दिवस बंद होतं. २०२३ च्या शेवटी उलटं झालं. कालवा उघडाच होता, पण १९ नोव्हेंबरला हूथींनी 'गॅलॅक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं, पुढे ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले वाढले आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या कंटेनर कंपन्यांनी खालच्या दारातून जाणं थांबवलं. खालचं दार टाळलं की आशियातून येणाऱ्या जहाजाला वरचं उघडं असूनही उपयोग नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दार कोणी कुलूप लावून बंद केलेलं नव्हतं. काही जहाजं तेव्हाही जात होती. पण त्या पट्ट्यातून जायचं तर युद्धजोखमीचा वेगळा विमा लागतो आणि तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत मोजतात. १० कोटी डॉलरचं जहाज आणि ०.७ टक्के दर धरला तर एका फेरीला ७ लाख डॉलर होतात. शिवाय खलाशांच्या जिवाचा प्रश्न. त्यामुळे सगळी जहाजं बुडवावी लागत नाहीत. थोड्या हल्ल्यांनी हिशोब बिघडला की कंपन्या स्वतःच वाट बदलतात.

वाट बदलायची म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायचं. मुंबईहून रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल आहे, आणि केपमार्गे साधारण १०,८००. फरक ४,५०० मैलांचा. जहाज १६ नॉट वेगाने, म्हणजे दिवसाला ३८४ मैल चाललं, तर जवळपास १२ दिवस जास्त लागतात.

चिंचोळ्या जलमार्गाचं महत्त्व त्याच्या रुंदीवरून ठरत नाही, तो टाळायला किती दिवस लागतात यावरून ठरतं. मलाक्काची सामुद्रधुनी टाळायची तर सुंदा किंवा लोंबोकमधून थोडं लांबून जाता येतं. होर्मुझला मात्र समुद्रातून पर्यायच नाही, कारण पर्शियन आखाताला तेवढं एकच तोंड आहे. बाब-अल-मंदेब या दोघांच्या मध्ये बसतं. पर्याय आहे, पण १२ दिवसांचा.

आता हे १२ दिवस फक्त त्या एका जहाजाचे नसतात. समजा एका कंपनीची न्हावा शेवा ते युरोप अशी दर आठवड्याला सेवा आहे आणि जाऊन-येऊन ५६ दिवस लागतात. मग ८ जहाजं पुरतात. जाताना १२ आणि येताना १२ दिवस वाढले की फेरी ८० दिवसांची होते, आणि तीच साप्ताहिक सेवा टिकवायला १२ जहाजं लागतात. मालात एक पेटीही वाढलेली नाही, तरी जहाजं दीडपट. कंटेनरचंही तेच. द्राक्षं ज्या थंड कंटेनरमधून, म्हणजे रीफरमधून जातात, ते उशिरा परत येतात, आणि ऐन हंगामात बंदरावर रिकाम्या रीफरची ओढाताण होते. भाडं वाढतं ते या तुटवड्यामुळे. जास्तीचं इंधन हे त्यातलं एकच कारण.

द्राक्षाला वेळ आणखी एका तऱ्हेने नडतो. द्राक्ष काढल्यावर पिकत नाही, फक्त उतरत जातं. म्हणून तोडणीनंतर लगेच प्रीकूलिंग, मग शून्य अंशाच्या आसपास तापमान, आणि पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद. साखळी सांभाळली तर मणी दीड-दोन महिने टिकतो. पण आधी देठ तपकिरी होतो, कागदाचा जोर संपला की करडी बुरशी धरते. १२ दिवस समुद्रात गेले म्हणजे दुकानात विकायला १२ दिवस कमी उरले.

एवढं समजल्यावर मी गृहीतक लिहून टाकलं: २०२३-२४ मध्ये भारताची द्राक्ष निर्यात घटली असणार. मार्गदर्शकांना दाखवलंही. मग अपेडाचे आकडे काढले. २०२२-२३ मध्ये सुमारे २.६८ लाख टन आणि २,५४३ कोटी रुपये, तर २०२३-२४ मध्ये सुमारे ३.४४ लाख टन आणि ३,४६० कोटी. निर्यात वाढली होती! किलोमागे मूल्यसुद्धा साधारण ९५ रुपयांवरून १०० रुपयांवर गेलं होतं.

मग मामा खोटं बोलत होता का? नाही. मी चुकीच्या रकान्यात शोधत होतो. आपल्याकडे निर्यातीचं मूल्य एफओबी धरतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. पुढचं समुद्रभाडं त्यात येतच नाही. युरोपातला भाव खरेदीदाराने ठरवलेला असेल आणि भाडं वाढलं, तर ती वाढ मागे सरकत व्यापाऱ्यापर्यंत आणि तिथून बागेपर्यंत येते. समजा रीफरचं भाडं ४,००० डॉलरने वाढलं आणि त्यात साडेतेरा टन द्राक्षं बसतात. डॉलर ८३ रुपये धरला तर किलोमागे जवळजवळ २५ रुपये झाले. त्यातले बागेवर किती पडले, हे वार्षिक बेरजेतून कळत नाही.

शिवाय ती बेरीज अनेक गोष्टी एकत्र करते. बांगलादेशला जाणारी द्राक्षं ट्रकने जातात, त्यांना तांबड्या समुद्राशी देणंघेणं नाही. पर्शियन आखातातल्या बंदरांना जाणारा मालही बाब-अल-मंदेब ओलांडत नाही. हंगाम जानेवारी ते एप्रिल आणि आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणजे एकच हंगाम दोन वर्षांत तुटतो. आणि निर्यात किती होते हे फक्त आपल्या वाटेवर ठरत नाही, त्या हंगामात आपलं पीक कसं आलं आणि इतर देशांकडे माल किती होता, यावरही ठरतं. वाट अडली असती आणि मागणी नसती, तर आकडा वेगळा दिसला असता.

म्हणून आता मी वार्षिक तक्ता बाजूला ठेवलाय. नेदरलँड्स आणि ब्रिटनला गेलेला माल वेगळा काढतोय, महिन्यानुसार, आणि आर्थिक वर्षाऐवजी हंगाम धरून. नेदरलँड्सच्या आकड्यातही पेच आहे, कारण रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे युरोपभर जातो. त्याच्या जोडीला जहाज न्हावा शेवाहून सुटल्याची आणि रॉटरडॅमला लागल्याची तारीख घेतोय, कारण सामुद्रधुनीचा परिणाम सगळ्यात आधी दिवसांत दिसतो, टनांत नाही.

मामाला हे सगळं गेल्या दिवाळीत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझे पंचवीस रुपये सरकारी कागदावर कुठंच नाहीत?" मी म्हणालो, निर्यातीच्या कागदावर तरी नाहीत. मग त्याने आतून व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणून दिल्या, तीन हंगामांच्या, रबर लावून ठेवलेल्या. सध्या त्याच टाइप करतोय.