पाठाआधीचा नकाशा आणि पाठानंतरचा नकाशा

संकल्पना नकाशा म्हणजे एखाद्या विषयातल्या कल्पना चौकटींत लिहून त्यांच्यातला संबंध बाणांनी दाखवणारी आकृती. प्रत्येक बाणावर एक-दोन शब्द लिहिलेले असतात. पहिली चौकट, बाणावरचे शब्द आणि दुसरी चौकट सलग वाचली की एक विधान तयार होते. ‘पान’ आणि ‘हरितद्रव्य’ या चौकटींमधल्या बाणावर ‘मध्ये असते’ असे लिहिले, तर ते विद्यार्थ्याचे विधान झाले. ते बरोबर की चूक, हे तपासता येते. बाणावर शब्द नसतील तर दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे एवढेच कळते, तो कोणता हे कळत नाही. म्हणून नकाशात चौकटींइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या जोडशब्दांना असते.

ही पद्धत 1972 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. पहिली-दुसरीच्या मुलांना विज्ञानाचे काही पाठ देऊन त्यांची समज पुढे बारा वर्षे कशी बदलत जाते, याचा अभ्यास ते करत होते. त्यासाठी मुलांच्या मुलाखती घेतल्या जात. मुलाखतींच्या लांबलचक मजकुरातून नेमके काय बदलले हे हाती लागेना, तेव्हा मुलाच्या बोलण्यातली विधाने चौकटी-बाणांत मांडण्याची कल्पना पुढे आली. म्हणजे आधीची आणि नंतरची समज शेजारी ठेवून पाहणे हाच या नकाशाचा मूळ हेतू होता. शिकणाऱ्याला आधीपासून जे ठाऊक असते त्यावरच नवे शिक्षण उभे राहते, या डेव्हिड ऑसुबेल यांच्या सिद्धान्ताचा त्याला आधार होता.

पहिला नकाशा काढून घेताना

सातवीच्या वर्गात वनस्पतींच्या पोषणाचा पाठ शिकवायचा आहे, असे धरू. झाडाला अन्न मातीतून मिळते ही समजूत या वयाच्या मुलांमध्ये सर्वत्र आढळते, म्हणून नकाशासाठी हा विषय फार सोयीचा आहे.

मुलांनी याआधी नकाशा काढला नसेल, तर पाठाच्या दोन-चार दिवस आधी एक तास निव्वळ सरावासाठी द्यावा लागतो. सरावाचा विषय वेगळा आणि ओळखीचा असावा, जसे की गावाचा पाणीपुरवठा किंवा आठवड्याचा बाजार. हा सराव टाळला, तर पहिल्या नकाशातला तुटकपणा अज्ञानामुळे आला की आकृती काढता न आल्यामुळे, हे ठरवता येत नाही.

मराठीत एक अडचण हमखास येते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी असते, नकाशात मात्र ते दोन चौकटींच्या मध्ये येते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्यय बाणावरच लिहायचा: ‘ला लागते’, ‘मधून मिळतात’, ‘पासून बनते’. चौकटीत मूळ नाम तसेच राहते. दोन-तीन उदाहरणे फळ्यावर दाखवली की मुलांना हे जमते.

नकाशाला एक केंद्रप्रश्न लागतो. ‘वनस्पतींविषयी नकाशा काढा’ एवढेच सांगितले, तर मुले माहितीची यादी करतात. ‘लहान रोपाचे मोठे झाड होते, तेव्हा त्याचे वजन कशातून वाढते?’ असा प्रश्न दिला की संबंध मांडावेच लागतात. प्रश्नाबरोबर दहा शब्द फळ्यावर लिहावेत: वनस्पती, मूळ, पान, माती, पाणी, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, क्षार, अन्न. हवे असल्यास मुलांनी स्वतःचे शब्द घालावेत आणि जो शब्द कुठे जोडता येत नाही तो कोपऱ्यात लिहून ठेवावा. वीस मिनिटे पुरतात. या नकाशाला गुण द्यायचे नाहीत, त्यात दुरुस्तीही करायची नाही. तो गोळा करून पाठ संपेपर्यंत बाजूला ठेवायचा. गुण मिळणार असे वाटले की मुले शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहू लागतात.

एका विद्यार्थिनीचे दोन नकाशे

अशा वर्गातल्या एका मुलीचा नकाशा नमुन्यादाखल पाहू. पाठाआधी तिने सात बाण काढले आहेत. वनस्पतीला मूळ असते, वनस्पतीला पान असते, वनस्पतीला पाणी लागते, वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो, पान ऑक्सिजन सोडते, मातीमध्ये अन्न असते आणि मूळ अन्न शोषते. ‘कार्बन डायऑक्साइड’ आणि ‘क्षार’ कोपऱ्यात पडून आहेत. सातपैकी पाच विधाने बरोबर आहेत, पण ती बहुतेक ‘वनस्पती’ या एकाच चौकटीतून निघालेली आहेत. केंद्रप्रश्नाचे उत्तर उरलेल्या दोन विधानांत आहे: वजन मातीतून येते.

हे समोर असले की पाठ कुठून सुरू करायचा ते ठरते. यान बाप्टिस्ट वान हेलमाँट यांचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी सुमारे 90 किलो सुकी माती कुंडीत भरून त्यात सव्वादोन किलोंचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे 77 किलोंचे झाले. माती पुन्हा सुकवून तोलली, तेव्हा ती जेमतेम 57 ग्रॅमने घटली होती. हा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. मातीतून अन्न येते या समजुतीला त्यातून थेट धक्का बसतो. मात्र वान हेलमाँट यांनी काढलेला निष्कर्ष अपुरा होता. झाड केवळ पाण्यापासून बनले असे त्यांना वाटले, कारण हवेतून काही आत जात असेल हे त्यांच्या हिशोबात नव्हते. पाठ इथेच थांबला तर मुलेही तेच धरून बसतात. म्हणून पुढे पर्णरंध्रांतून आत जाणारा कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य आणि प्रकाश यांचे काम यावे लागते, आणि काळ्या कागदाने अर्धवट झाकलेल्या पानाची आयोडीन परीक्षाही करावी लागते.

पाठ संपल्यावर त्याच मुलीने काढलेल्या नकाशात बारा बाण आहेत. मूळ पाणी शोषते, मूळ क्षार शोषते, मातीमधून क्षार मिळतात, पान कार्बन डायऑक्साइड आत घेते, पानामध्ये हरितद्रव्य असते, हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते, पान शर्करा तयार करते, शर्करा हे अन्न आहे, पान ऑक्सिजन बाहेर सोडते. मूळ आणि पान यांची जुनी दोन विधाने कायम आहेत. बारावे विधानही जुनेच आहे: मातीमध्ये अन्न असते.

फरक वाचण्याची रीत

नुसती मोजणी केली, तर बरोबर विधाने पाचावरून अकरावर गेली आणि पाठ यशस्वी झाला. नोवाक आणि बॉब गोविन यांनी 1984 च्या पुस्तकात दिलेली गुणपद्धतही मोजणीचीच आहे: प्रत्येक योग्य विधानाला 1 गुण, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पातळीला 5, नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना सांधणाऱ्या अर्थपूर्ण आडव्या दुव्याला 10 आणि उदाहरणाला 1. तिचा हेतू चांगला आहे, कारण दूरच्या कल्पना जोडण्याला ती सर्वाधिक मोल देते. पण बेरीज केली की कोणते विधान बदलले हेच झाकले जाते.

म्हणून दोन नकाशे शेजारी ठेवून विधानांचे चार गट करावेत: नव्याने आलेली, बदललेली, तशीच राहिलेली आणि गळून पडलेली. या मुलीच्या नकाशात ‘मूळ अन्न शोषते’ हे विधान बदलून पाणी आणि क्षार यांची दोन विधाने झाली. हा खरा बदल आहे. ‘मातीमध्ये अन्न असते’ हे मात्र तसेच राहिले. नवी माहिती आली, पण जुनी समजूत न हलता तिच्या शेजारीच बसली आहे.

याशिवाय पाचवी गोष्ट पाहावी लागते: जो बाण असायला हवा होता, पण नाही. ‘कार्बन डायऑक्साइड’पासून ‘शर्करे’कडे बाण गेलेला नाही, ‘पाण्या’पासूनही नाही. वायू आत जातो हे तिला ठाऊक आहे, शर्करा तयार होते हेही ठाऊक आहे. पण वायू आणि पाणी यांचीच शर्करा होते, हे तिने कुठेही म्हटलेले नाही. केंद्रप्रश्नाचे उत्तर नेमके त्या दोन बाणांत होते. प्रश्नपत्रिकेत ‘प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारे घटक लिहा’ असे विचारले असते, तर या मुलीला पूर्ण गुण मिळाले असते.

पुढची पायरी दोन मिनिटांच्या बोलण्याची आहे. शिक्षकाने कार्बन डायऑक्साइड आणि शर्करा या चौकटींवर बोट ठेवून ‘यांच्यात काही नाते आहे का?’ एवढेच विचारावे. मातीतल्या अन्नाविषयी विचारले, तर ‘खत हे झाडाचे अन्नच असते ना?’ असे उत्तर येण्याची शक्यता मोठी असते. पिकाला खत घालण्याविषयी घरी आणि शेतावर तसेच बोलले जाते. खतातून क्षार मिळतात, त्यांच्याशिवाय वाढ खुंटते, पण त्यांतून झाडाला ऊर्जा मिळत नाही आणि वजनातला त्यांचा वाटाही अगदी थोडा असतो. हा भेद स्वतंत्रपणे शिकवायला हवा, हे दुसऱ्या नकाशाने दाखवून दिले.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक नकाशा इतका बारकाईने वाचणे शक्य नसते. तेव्हा पाठाआधीच तीन विधाने निवडावीत. इथे ती अशी होतील: माती आणि अन्न, कार्बन डायऑक्साइड आणि शर्करा, सूर्यप्रकाशाचे काम. गठ्ठा चाळताना फक्त हे तीन संबंध किती जणांनी कसे मांडले याची नोंद केली, तरी पुढचा तास कशासाठी द्यायचा ते कळते.

दुसरा नकाशा कधी आणि कसा

दुसरा नकाशा कोऱ्या कागदावर काढायचा की जुनाच दुरुस्त करायचा, यात फरक पडतो. जुना हातात दिला तर मुले त्यात भर घालतात, खोडायला मात्र कचरतात. म्हणून आधी कोऱ्या कागदावर काढून घ्यावा. मग पहिला परत द्यावा आणि त्यातले काय आता पटत नाही, ते वेगळ्या रंगाच्या पेनाने मुलांनाच लिहू द्यावे. केंद्रप्रश्न, शब्द आणि वेळ दोन्ही खेपांना सारखेच हवेत, नाहीतर तुलना टिकत नाही.

काही खुणा सावध करतात. सगळ्या वर्गाचे जोडशब्द एकसारखे आले, तर मुलांनी फळ्यावरची किंवा पुस्तकातली आकृती पाठ केलेली असते. बाणांवर ‘आहे’ आणि ‘संबंधित’ असेच शब्द भरले असतील, तर संबंध कळलेला नसतो. जोडशब्दांतला हा मोघमपणा कमी करण्यासाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरातमल आणि जी. नागार्जुन यांनी नेमके, ठरावीक जोडशब्द वापरण्याची पद्धत मांडली आहे. दुसऱ्या नकाशातली थोडी सुधारणा केवळ सरावामुळेही असते. शिवाय ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याचा नकाशा त्याच्या समजेपेक्षा तोकडा दिसतो. त्याला तोंडी विचारून बाण शिक्षकाने काढणे योग्य.

पाठ संपताच काढलेला नकाशा ताज्या आठवणीवर उभा असतो. चार-सहा आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, त्याच प्रश्नावर तिसरा नकाशा काढून घेतला की कोणता बदल टिकला ते समजते. मातीतले अन्न अनेकदा याच वेळी परत येते. तसे झाले, तर त्या विधानापुरता पाठ पुन्हा घ्यावा, आणि पुढच्या वर्षी त्याला सुरुवातीलाच अधिक वेळ द्यावा.