भाड्याची जागा ताळेबंदात

भारतात 1 एप्रिल 2019 पासून ‘इंड एएस 116’ लागू असलेल्या कंपन्यांना दीर्घ मुदतीचे भाडे नुसता खर्च म्हणून दाखवता येत नाही. जागा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता आणि पुढच्या हप्त्यांचे आजचे मूल्य हे दायित्व, असे दोन्ही ताळेबंदात येतात.

समजा, कार्यालयाचे भाडे महिनाअखेर 1 लाख रुपये, मुदत 36 महिने आणि व्याजदर दरमहा 1 टक्का आहे. ईआरपीत हा करार नोंदवला की दायित्व 30,10,751 रुपये निघते. इतर खर्च नसल्यास मालमत्ताही तेवढीच. पहिल्या महिन्याचे व्याज 30,108 रुपये. ते दायित्वात मिळवून हप्ता वजा केला की 29,40,859 रुपये उरतात, म्हणून पुढचे व्याज 29,409 वर येते. मालमत्तेचा घसारा मात्र दरमहा 83,632 रुपये, कायम सारखा. त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च भाड्यापेक्षा जास्त, 1,13,740 रुपये दिसतो.

भाड्याच्या गाडीतही हिशेब हाच. फक्त चालक व देखभालीची रक्कम ही सेवा असल्याने ती सहसा वेगळी काढतात.

नेहमीची चूक घरमालकाच्या बिलात होते. सवयीने ते ‘भाडे खर्च’ खात्यात टाकले जाते आणि खर्च दोनदा लागतो. खातेवहीतले दायित्व वेळापत्रकापेक्षा बरोबर एका हप्त्याने जास्त दिसले, तर आधी ते बिल तपासावे.