कोणत्या चित्रापुढे थांबला होतात?

तीस वर्षांपूर्वी आमच्या एका चित्रकार मित्राचे प्रदर्शन बेळगावात भरले होते. मी दवाखाना आटोपून घाईघाईने जाऊन आलो आणि स्थानिक पत्रासाठी अर्धा रकाना मजकूर लिहिला. ‘रंगांची मुक्त उधळण’, ‘कुंचल्याची जादू’, ‘रसिकांना मेजवानी’ असे सगळे त्यात होते. मला वाटले, मित्र खूश होईल. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला, बाकावर बसला आणि म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही नेमके कोणत्या चित्रापुढे थांबला होतात?” मला एकाही चित्राचे नाव सांगता आले नाही.

आपल्यासारख्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, त्यामुळे परीक्षणाच्या नावाखाली आपण बहुधा अभिनंदनाची पत्रेच लिहितो. पुढे शाळा-कॉलेजातल्या मुलांना प्रदर्शनाचे परीक्षण लिहायला शिकवण्याची वेळ आली, तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी माझाच तो मजकूर वाचायला दिला. चित्रकाराचे नाव बोटाने झाका आणि दुसऱ्या कोणाचेही घाला. वाक्य तसेच चालत असेल तर ते खोडा. दोन वाक्ये उरली. एकात सभागृहाचा पत्ता होता, दुसऱ्यात तारीख.

एका वर्षी मुलांना घेऊन म्हैसूरला गेलो. तिथल्या जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ आहे. हातात दिवा घेतलेली ती बाई आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅलेंडरवर येऊन गेली असेल. हळदणकर 1882 साली सावंतवाडीत जन्मले, म्हणजे आपल्या घाटाखालचेच. पण त्याच इमारतीत राजा रविवर्म्याची चित्रे असल्याने हे चित्रही त्याचेच, असे सांगणारे लोक अजून भेटतात.

पहिली पंधरा मिनिटे मुलांनी फक्त दिसते ते लिहायचे होते. ‘सुंदर’, ‘जिवंत’, ‘अप्रतिम’ या शब्दांना बंदी. हे वाटते तितके सोपे नाही. रुग्ण सांगतो, “डोक्याची उजवी बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही,” आणि शिकाऊ डॉक्टर कागदावर लिहितो ‘मायग्रेन’. लक्षण लिहायच्या आधीच निदान करून तो मोकळा होतो. मुलांचेही तसेच झाले. एकाने लिहिले, ‘तैलरंगातील हे चित्र’. हे चित्र जलरंगातले आहे. त्याने पाहून लिहिले नव्हते, जुनी मोठी चित्रे तैलरंगात असतात या समजुतीवर लिहिले होते.

मग मी तीनच प्रश्न दिले : प्रकाश कुठून निघतो, कशावर पडतो आणि कुठे संपतो? आता मुले खरोखर पाहू लागली. एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा पंजा ज्योतीवर आडवा धरलेला आहे. बोटांच्या कडा आतून तांबूस दिसतात. चेहऱ्यावर उजेड खालून पडतो. दिव्यापासून दूर जावे तशी साडी अंधारात बुडत जाते. एवढे लिहून झाल्यावर ‘जिवंत’ हा शब्द कोणाला आठवलाही नाही.

अर्थ लावण्याची पायरी इथून सुरू होते, आणि इथे शीर्षक घात करते. सगळ्यांनी लिहिले, ‘दिवा हे आशेचे प्रतीक आहे.’ मी विचारले, शीर्षक माहीत नसते तर? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, “सर, ती दिवा दाखवत नाहीये, जपतेय. हात वाऱ्याच्या बाजूला आहे.” दुसरी म्हणाली, “पण त्या हातामुळे ज्योत आपल्यापासूनही लपते. आपण ज्योत बघत नाही, तिच्यावर पडलेला उजेड बघतो.” दोन्ही वाचने मी मान्य केली, कारण दोघांनी चित्रातल्या एका जागेवर बोट ठेवले होते. हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, समोर उभे करून हे चित्र काढले, हे मी त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर सगळ्यांनी ‘पित्याचे वात्सल्य’ लिहून वह्या मिटल्या असत्या.

राहिला निर्णय. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. सर्वांत उजळ जागी कागदच कोरा किंवा जवळजवळ कोरा राखावा लागतो. अंधार मात्र थरावर थर देऊन वाढवायचा, आणि एकदा कागद काळवंडला की उजेड परत आणणे फार अवघड. तैलरंगात वरून उजळ रंग देऊन चूक झाकता येते, तशी सोय इथे नाही. हे समजल्यावर ‘चित्रकाराने प्रकाश छान दाखवला’ याऐवजी ‘एवढ्या अंधारात त्याने कागदाचा उजेड शेवटपर्यंत राखला’ असे लिहिता येते. ही स्तुतीच आहे, पण तिला पत्ता आहे.

प्रदर्शनाचे परीक्षण म्हणजे केवळ चित्राचे नव्हे. आम्ही गेलो तेव्हा हे चित्र वेगळ्या अंधाऱ्या खोलीत होते आणि लोक मागे बल्ब लावलाय का, हे वाकून पाहत होते. एका मुलीने मांडणीला दोष दिला : अंधारामुळे चित्राची जादूची पेटी होते आणि बाईचा चेहरा कोणी पाहत नाही. दुसऱ्याने उलट बाजू घेतली. जलरंग उजेडाने फिके पडतात, म्हणून संग्रहालये अशा चित्रांवर साधारण 50 लक्स प्रकाश ठेवतात. तैलचित्रांना 200 पर्यंत चालतो, आणि आपल्या वाचनाच्या टेबलावर 300 ते 500 लक्स असतो. तेव्हा मंद उजेड हवाच, असे त्याचे म्हणणे. मला स्वतःला मुलीचे पटले. मंद उजेड आणि काळोख यांत फरक आहे. पण गुण दोघांना सारखेच दिले.

यात एक धोका आहे. स्तुतीवर बंदी घातली की काही मुले दोष शोधणे म्हणजेच परीक्षण समजतात. ‘रंग फिके आहेत’ हे वाक्यही ‘रंगांची उधळण’इतकेच पोकळ आहे. कुठल्या चित्रात, कोणत्या जागी आणि कशाच्या मानाने फिके, हे आल्याशिवाय मी ते घेत नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या चित्रकला शिक्षकांनी गावात जलरंगांचे प्रदर्शन भरवले. चित्रे 26, त्यांपैकी 9 खानापूर रस्त्यावरच्या पावसाची. तिने लिहिले, ‘जुन्या चार चित्रांत पावसाच्या रेघा कोऱ्या कागदाच्या आहेत आणि रस्ता ओला दिसतो. नंतरच्या पाचांत त्या पांढऱ्या रंगाने वरून ओढल्या आहेत. तिथे पाऊस रस्त्यावर पडत नाही, चित्रावर पडतो.’ मग तिने घाबरत विचारले, “सर, हे छापायचं? ते आमचे सर आहेत.” मी तिला आणखी एकदा प्रदर्शनात पाठवले आणि नऊही चित्रांचे क्रमांक लिहून आणायला सांगितले. ते घालून मजकूर छापला.

दोन दिवसांनी मी सभागृहात गेलो. ते शिक्षक वर्तमानपत्राची घडी हातात धरून चौदा क्रमांकाच्या चित्रापुढे उभे होते. मला पाहून म्हणाले, “चौदाबद्दल तिचं बरोबर आहे. सतरा मात्र तिने पुन्हा बघायला हवं.” आणि मला हाताला धरून सतराकडे घेऊन गेले.